चौथ्या रात्री गांडुळं बेड सोडून का गेली?

प्रश्न: दर्यापूर तालुक्यात आमचं गाव आहे. टिनाच्या शेडखाली १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच असा तयार प्लास्टिकचा बेड लावला. गोठ्यातलं आठवडाभराचं शेण, त्यावर गेल्या वर्षीचं सोयाबीनचं कुटार, पुन्हा शेण असा काठोकाठ भरला, बोरच्या पाण्याने भिजवला आणि त्याच संध्याकाळी ४ किलो गांडुळं सोडली. तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या रात्री पाऊस आला. सकाळी पाहतो तर गांडुळं बेडच्या काठावर आणि शेडबाहेर चिखलात. निम्मी तरी गेली. विकणाऱ्याने खराब माल दिला का? आता बेड उपसून टाकू का?

उत्तर: भाऊ, बेड उपसू नका, आणि विकणाऱ्याशी भांडायलाही लगेच जाऊ नका. आधी एक करा. बेडच्या बरोबर मध्यभागी, वरून फूटभर खोल हात घाला. कढत लागलं तर कारण तिथेच सापडलं. मला खात्री आहे की लागेल, कारण तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत दोन खुणा स्पष्ट आहेत.

पहिली खूण म्हणजे वेळ. पाण्यात किंवा शेणात गांडुळांना न सोसणारं काही असतं, तर ती पहिल्याच रात्री चालायला लागली असती. सोडल्यावर अर्ध्या तासात खाली न शिरता वरच घुटमळली असती. तुमची गांडुळं तीन दिवस आत राहिली, म्हणजे सुरुवातीला माल त्यांना सोसत होता, नंतर तो बिघडला. कोरडं कुटार भिजलं आणि शेजारी ताजं शेण मिळालं की त्यातले सूक्ष्मजीव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात कामाला लागतात, आणि ढीग आतून तापतो. सोयाबीनचं कुटार यात गव्हांड्यापेक्षा किंवा धानाच्या तणसापेक्षा तेज असतं. ते डाळवर्गीय पिकाचं, त्यात नत्र जास्त, म्हणून ते लवकर कुजतं आणि लवकर पेटतं. असा ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत सहज जातो. आपल्याकडे खतासाठी पाळतात ती लाल गांडुळं ३० अंशांपर्यंत सुखात असतात, ३५ च्या वर त्यांचा जीव जातो.

दुसरी खूण म्हणजे जागा. गांडुळं कुठून कुठे गेली हे पाहिलं की निम्मं निदान होतं. मधला भाग सोडून ती कडेला आणि कोपऱ्यात गोळा झाली, तर उष्णता किंवा अमोनियाचा वास हे कारण, कारण कडा आधी थंड होतात. सगळी वर येऊन ओल्या बारदान्याला चिकटली, तर खाली पाणी साचलंय आणि हवा संपलीय. सगळी तळाशी जाऊन बसली, तर वरचा थर वाळलाय. जागोजागी त्यांचे गुंतवळ्यासारखे गोळे झाले आणि अंग निस्तेज दिसलं, तर खार किंवा औषधाचा संशय घ्यावा. तुमची काठावर होती. पावसाने ती पळवली असं तुम्हाला वाटत असेल, पण पावसाने फक्त वाट मोकळी केली. गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे कोरड्या जमिनीवरून ते लांब जाऊ शकत नाही. त्या रात्री काठ ओला झाला, बाहेरची जमीन ओली झाली, आणि तीन दिवस कडेला दबून बसलेली गांडुळं निघाली.

यात आणखी एक गोष्ट भर घालते, ती म्हणजे मालाचं आणि गांडुळांचं प्रमाण. तुमच्या काठोकाठ भरलेल्या बेडात टनाच्या आसपास माल असेल. गांडूळ रोज साधारण आपल्या वजनाच्या निम्म्याइतकं खातं, म्हणजे ४ किलो गांडुळं दिवसाला २ किलो खाणार. बाकीचा सगळा माल त्यांची वाट पाहत थांबत नाही, तो आपला आपण तापतो. ६०-७० दिवसांत खत निघतं असं जे सांगतात, ते एवढ्या बेडात ८ ते १० किलो गांडुळं असतील आणि माल आधी कुजवलेला असेल तरचं गणित आहे. विक्रेते बेड आणि गांडुळं एकत्र विकतात तेव्हा हे अर्धंच सांगतात, एवढी त्यांची चूक मी नक्की धरीन.

आज काय करायचं ते सांगतो. वरचा बारदाना काढा आणि पंजाने माल दोन्ही कडांकडे ओढून मधोमध लांब सरी पाडा, तळापर्यंत. वाफ निघून जाऊ द्या. गरम लागतंय म्हणून वरून पाणी ओतू नका. त्या वेळेपुरतं थंड वाटतं, पण ओल मिळाली की दोन दिवसांनी ढीग पुन्हा तापतो, आणि जास्तीचं पाणी तळाशी जाऊन वेगळीच भानगड उभी करतं. मग गावात कुणाच्या उकिरड्यातलं तीन-चार महिन्यांचं, काळं पडलेलं, वास गेलेलं शेणखत चार-पाच टोपली आणा. ते ओलं करून बेडच्या ज्या कोपऱ्यात जास्त सावली असते तिथे ढीग घाला आणि त्यावर ओला बारदाना टाका. बेडात जी गांडुळं जिवंत आहेत ती रात्रभरात तिकडे सरकतील. बाहेर गेलेली पहाटे उजाडायच्या आत शोधा. शेडच्या पागोळ्या पडतात तिथे, दगडाखाली, हापशाजवळच्या ओलीत ती सापडतात. ऊन वर आलं की त्यांचा शोध सोडा.

रात्री बेडवर दिवा लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. गांडुळांना उजेड सोसत नाही, त्यामुळे दिव्याखाली ती बाहेर येत नाहीत, हे खरं आहे. नवीन जागेत रुळेपर्यंत पहिल्या दोन-तीन रात्री दिवा ठेवायला माझी हरकत नाही. पण आत माल तापलेला असताना दिवा लावणं म्हणजे पेटलेल्या घराला बाहेरून कडी घालणं. ती पळणार नाहीत, आतच मरतील. आणि मेलेलं गांडूळ तुम्हाला दिसणारही नाही, कारण त्याचं बहुतेक अंग पाणीच असतं, एक-दोन दिवसांत ते विरघळून जातं. "बाहेर एकही दिसलं नाही आणि आतही नाहीत" असं जेव्हा कुणी सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा ती गेलेली नसतात, मेलेली असतात.

आता पुढची भरणी. मधला सगळा माल बाहेर काढून शेडखालीच तीन फूट उंचीचा ढीग करा. कोरडं कुटार जागोजागी पेंढीसारखं दबलेलं असेल, ते सोडवून शेणात मिसळा. थर लावण्यापेक्षा मिसळणं कधीही चांगलं. थरांत भरलं की शेणाचा थर घट्ट चिकट राहतो आणि कुटाराचा कोरडा, दोन्हींत गांडूळ शिरत नाही. मोजायला टोपलं घ्या. एक टोपलं शेण आणि एक टोपलं भिजवून दाबलेलं कुटार असं प्रमाण चालतं. शेण तुमच्याकडे भरपूर असेल तर दोनास एक घ्या. कुटाराऐवजी गव्हांडा किंवा तणस असेल तर शेण दुप्पटच ठेवा, कारण त्यात नत्र फार कमी, नुसतं पडून राहतं. कुटार कमी पडलं म्हणून कोंबडीखत किंवा सरकीची ढेप टाकू नका. त्याने माल पेटतो, अमोनिया सुटतो, आणि गांडुळांच्या अंगावर मण्यांसारख्या गाठी येऊन ती फुटतात. शेळीच्या लेंड्या चालतात, पण त्या आधी भिजवून, फोडून, महिनाभर कुजवलेल्या असाव्यात.

एक काळजी कुटाराची आणि एक शेणाची. ज्या वावरात काढणीच्या तोंडावर फवारणी झाली असेल तिथलं कुटार पहिल्या भरणीला वापरू नका. गेल्या वर्षीचं, पावसा-उन्हात पडलेलं असेल तर चिंता कमी. गोठ्यातल्या जनावरांना जंताचं औषध पाजलं किंवा टोचलं असेल तर त्यांचं दोन आठवड्यांचं शेण बाजूला साधा उकिरडा करून टाका, बेडात नको.

हा ढीग दर पाच दिवसांनी वरखाली करायचा. तीन आठवडे धरा. तयार झाला की नाही हे दिवस मोजून ठरवू नका, सळई घालून ठरवा. लोखंडी सळई ढिगाच्या पोटात दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून मुठीत धरा. कोमट लागली तर अजून थांबा, बाहेरच्या हवेइतकी लागली तर झालं. यात एक फसगत असते. ढीग वाळला तरी सळई थंड लागते, आणि लोक समजतात कुजणं संपलं. तो माल बेडात भरून पाणी मारलं की तो पुन्हा तापतो, आणि पुन्हा चौथी रात्र येते. म्हणून सळई घालण्याच्या दोन दिवस आधी ढीग ओला असल्याची खात्री करा. ओला असूनही थंड असला तरच तो खरा थंड.

त्यानंतरही सगळी गांडुळं एकदम सोडू नका. एका घमेल्यात तो माल भरा, वीस-पंचवीस गांडुळं त्यावर ठेवा, ओल्या पोत्याने झाका. दहा-पंधरा मिनिटांत ती आत शिरली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उलटून पाहा. सगळी आत, तरतरीत, बोट लावल्यावर झटकन आक्रसणारी असतील तर माल पास. घमेल्याच्या कडेला चढली असतील तर ढिगाला आणखी आठवडा द्या.

बेड रिकामा झाला आहे तर त्याचं बूडही पाहून घ्या. आपल्या भागातली काळी जमीन पाणी धरून ठेवते. तिच्यावर थेट ठेवलेला बेड पावसाळ्यात खालून भिजत राहतो. सहा इंच मुरूम टाकून, पाणी जायच्या तोंडाकडे थोडा उतार देऊन, त्यावर बेड मांडा. जमिनीत खड्डा करून गांडूळखत करायची पद्धत हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ठीक, काळीत नाही. पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते आणि उन्हाळ्यात भेगांतून गांडुळं खोल निघून जातात. बेडच्या तळाशी तीन-चार इंच तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे बोटभर तुकडे पसरा. हे खाण्यासाठी नाहीत, पाणी खाली झिरपावं आणि हवा आत जावी म्हणून आहेत. बेडला पाणी जायचं भोक असतं, ते माल भरताना बहुतेक वेळा शेणाने बुजतं. तिथे जाळीचा तुकडा आतून लावा.

पूर्ण बेड भरू नका. तुमच्याकडे आता अंदाजे २ किलो गांडुळं उरलीत असं धरू. एका टोकाला फक्त ४ फूट लांबी घ्या, मधे तुराट्यांचा आडवा तट्टा उभा करा, आणि त्या चौकोनात फूटभर उंचीपर्यंतच भरा. अडीचशे किलोच्या आसपास माल बसेल. एवढ्याला २ किलो गांडुळं पुरेशी आहेत. भरलेल्या मालाच्या वर बेडचा काठ फूटभर उघडा राहतो, आणि तो कोरडा ठेवायचा. कोरड्या गुळगुळीत प्लास्टिकवरून गांडुळाला चढता येत नाही. पाणी मारताना काठावर उडू देऊ नका, आणि बारदाना काठावरून बाहेर लोंबू देऊ नका, तो त्यांचा पूल होतो. शेडच्या उघड्या बाजूने झड येत असेल तर तिकडे जुनं मेणकापड बांधा.

ओलीचं माप मुठीचं. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या सांध्यात एक-दोन थेंब दिसले पाहिजेत. धार लागली तर जास्त, हात नुसता ओलसर झाला तर कमी. ही मूठ वरच्या थराची घेऊन उपयोग नाही. कडेने हात घालून तळाची घ्या आणि नाकाला लावा. पावसाने भिजलेल्या मातीचा वास आला तर ठीक. सडक्या अंड्याचा आला तर तळ कुजतोय. मग भोक मोकळं करा, माल वरखाली करा, कोरडं कुटार मिसळा आणि आठवडाभर पाणी बंद. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की आठ-आठ दिवस पाणी लागत नाही. रोज पाणी मारायची सवय उन्हाळ्यासाठी आहे. वाळलेल्या बेडाची खूण मुंग्या देतात. काळ्या-लाल मुंग्यांची रांग बेडात शिरताना दिसली की कुठेतरी कोरडा कप्पा झालाय. औषध मारू नका, तो भाग उकलून ओला करा, मुंग्या स्वतःच जातील. उलट, मालावर लालसर बारीक कोळ्यांची पूड पसरल्यासारखी दिसली तर पाणी जास्त झालंय.

तुमच्या बाबतीत पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर. दर्यापूर पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येतं. तुमच्या बोरचं पाणी जिभेला मचूळ लागत असेल, तर चौथ्या रात्रीचा दोष त्याचा नाही, पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होईल. बेडातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज थोडं थोडं साचत जातं. मालात मीठ साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की गांडुळं थांबत नाहीत. त्यांची कातडी ओली आणि पातळ, खाराने ती अंगातलं पाणी गमावतात. बारदान्याच्या कडेला किंवा बेडच्या आतल्या बाजूला पांढरी पूड धरलेली दिसली की समजायचं. अशा गावात मी एकच सांगतो: शेडच्या टिनाला पन्हाळी लावून पावसाचं पाणी टाकीत धरा. बेडला फार पाणी लागत नाही, शिंपडण्यापुरतं लागतं. बोरचं पाणी वापरावंच लागलं तर भोकातून निघणारं तपकिरी पाणी परत बेडावर ओतू नका. ताकद वाया जाते म्हणून लोक ते ओततात, पण त्याबरोबर बाहेर निघालेलं मीठही परत आत जातं. गोठ्याचं गोमूत्रही बेडात नको, त्यातही क्षार आहेत आणि अमोनियाही.

आता तुमचा विकणाऱ्याबद्दलचा प्रश्न. उरलेली गांडुळं हातावर घेऊन उजेडात पाहा. अंगावर लाल आणि फिक्या पिवळसर अशा आडव्या पट्ट्या असतील तर ते आयसेनिया फेटिडा. आपल्या हवेत सोशिक आणि बेडात टिकणारं तेच. लांब, जाड, जांभळट, शेपटीकडे फिकं आणि निमुळतं असेल तर ते आफ्रिकन, युड्रिलस. ते खातं जास्त, पण त्याला थंडी कमी सोसते आणि जागा नावडली की लवकर निघतं. बारीक, गडद, हात लावताच सापासारखं उसळणारं असेल तर ते पेरिऑनिक्स. ही जात पावसाच्या रात्री कारण नसतानाही फिरायला निघते. तिन्हींची सरमिसळ विकली जाते, हे सर्रास आहे. तुमच्या उरलेल्यांत बहुतेक पट्टेरी असतील तर विकणाऱ्याला दोष देता येणार नाही. बहुतेक उसळणारी असतील, तर पुढच्या वेळी दुसरीकडून आणा.

नवीन गांडुळं मात्र आत्ता विकत घेऊ नका. उन्हाळ्याआधी अजून बराच अवकाश आहे आणि पुढचे सात-आठ महिने वाढीचे आहेत. पट्टेरी गांडुळाचं अंडं, म्हणजे लिंबाच्या आकाराचा मोहरीहून थोडा मोठा पिवळसर दाणा, तीन-चार आठवड्यांत फुटतं. त्यातून दोन-तीन पिल्लं निघतात आणि दोन महिन्यांच्या आत ती स्वतः अंडी घालायला लागतात. माल आणि ओल जमली तर दोन-अडीच महिन्यांत संख्या दुप्पट होते. ४ फुटांचा चौकोन वरून चहाच्या पुडीसारखा दाणेदार झाला की मधला तट्टा काढा आणि शेजारच्या ४ फुटांत कुजवलेला नवा माल भरा. जुन्या बाजूला पाणी देणं थांबवा, नवी बाजू ओली ठेवा. पंधरा दिवसांत गांडुळं आपण होऊन तिकडे जातील. जुन्या बाजूचं खत वरून थराथराने खरवडून काढता येईल. ते चाळाल तेव्हा चाळणीवर राहिलेला जाडा भाग फेकू नका, त्यात अंडी असतात. तो नव्या बाजूला परत टाका. या हिशोबाने सोयाबीन निघून नवं कुटार येईल, तेव्हा तुमच्याकडे दुसरा चौकोन चालू असेल. तिसरा भरायला त्या नव्या कुटाराचा ढीग काढणीनंतर लगेच लावून ठेवा, म्हणजे थंडीत तो तयार मिळेल. मार्चनंतर मात्र नवी भरणी करू नका. एप्रिल-मेमध्ये टिनाखाली फूटभर उंचीचाच माल ठेवा, टिनावर तुराट्या आणि कुटार पसरा, सकाळ-संध्याकाळ हलकं शिंपडा, आणि त्या दोन महिन्यांत खताची अपेक्षा न धरता फक्त बियाण्याची गांडुळं जगवा.